भोंगा कुठला वाजला? क्लिपमधल्या आवाजांवरून ठिकाण ओळखण्याची रीत

पावसाळ्यात कृष्णा आणि कोयना वाढू लागल्या की सातारा-सांगलीतल्या फोनांवर क्लिपांचाही पूर येतो. त्यातल्या बऱ्याच क्लिपांमध्ये पाहण्यासारखं फारसं काही नसतं. अंधूक उजेड, हलणारा कॅमेरा, छपराची एक कड आणि करडं आभाळ एवढंच दिसतं. अशा वेळी ठिकाणाचा पुरावा चित्रात मिळत नाही, तो आवाजात शोधावा लागतो. हा शोध कसा घेतात, त्यातून किती कळतं आणि कुठे फसगत होते, हे या लेखात एका उदाहरणावरून पाहू. उदाहरणातली क्लिप समजावून सांगण्यासाठी रचलेली आहे. तिच्या संदर्भात येणारी गावं, धरण आणि भोंगे मात्र खरे आहेत.

## क्लिप आणि तिच्यासोबतचा मजकूर

समजा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कराडच्या एका कुटुंबाच्या ग्रुपवर ४२ सेकंदांची क्लिप येते. सोबत लिहिलेलं असतं : "आत्ताचा व्हिडिओ. कोयनेचे दरवाजे उघडले, भोंगा वाजतोय. नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडा." चित्रात संध्याकाळचं आभाळ, कौलारू छपराची कड आणि दोन झाडं आहेत. नदी कुठेच दिसत नाही.

आवाज मात्र भरपूर आहेत. पहिले आठ सेकंद बेडकांचा ओरडा आणि कुठल्याशा घरातून येणारं टीव्हीवरचं गाणं ऐकू येतं. आठव्या सेकंदाला भोंगा सुरू होतो, चढत जातो आणि एका सुरावर स्थिर होतो. सत्ताविसाव्या सेकंदाला तो उतरू लागतो आणि चौतिसाव्याला थांबतो. भोंगा चालू असताना जवळच एक बाई काहीतरी म्हणते, पण शब्द कळत नाहीत. छत्तिसाव्या सेकंदाला लांबून अजान सुरू होते आणि क्लिप संपते.

हा मजकूर पटण्यासारखा आहे. पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, त्यामुळे धरणातून सोडलेल्या पाण्याचा परिणाम पाटण, कराड आणि पुढे सांगलीपर्यंत जाणवतो. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवून इशारा देण्याची पद्धतही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली शहरात शिरलेलं पाणी लोक विसरलेले नाहीत. म्हणूनच असा मजकूर वाचून कोणी रात्रीच्या पावसात म्हातारी माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडू शकतं. उलट, चार खोट्या क्लिपांनंतर खऱ्या भोंग्याकडेही कोणी दुर्लक्ष करू शकतं.

## आधी आवाज चित्रापासून वेगळा करा

मजकूर वाचून क्लिप ऐकली की कान मजकुराच्या बाजूने ऐकू लागतात. "कोयना" असं वाचलेल्या माणसाला त्या बाईच्या अस्पष्ट बोलण्यातही "पाणी सोडलं" ऐकू येईल. म्हणून पहिलं काम म्हणजे आवाज वेगळा काढून तो मजकूर न वाचलेल्या दोघांना स्वतंत्रपणे ऐकवायचा. प्रत्येकाने ऐकलेलं कागदावर लिहायचं आणि मगच एकमेकांचं पाहायचं. दोघांच्या कागदावर जे सारखं आलं, तेवढंच पक्कं धरायचं.

संगणकावर आवाज वेगळा काढण्यासाठी एक ओळ पुरते :

```
ffmpeg -i clip.mp4 -vn -ac 1 awaj.wav
```

यात `-vn` म्हणजे चित्र वगळा आणि `-ac 1` म्हणजे आवाजाचा एकच पट्टा करा. तयार झालेली फाइल ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून Spectrogram हे दृश्य निवडलं की आवाजाचा नकाशा दिसतो. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर सूर चढतो आणि आवाज जितका मोठा तितका रंग उजळ होतो. भोंगा या नकाशात चढून सपाट होणाऱ्या आणि पुन्हा उतरणाऱ्या रेषेसारखा दिसतो. बेडूक ठिपक्यांच्या पट्ट्यासारखे दिसतात, तर पाऊस किंवा धबधबा सगळीकडे पसरलेल्या धुक्यासारखा दिसतो.

आवाज "साफ" करणारी बटणं मात्र जपून वापरावीत. गोंगाट काढून टाकताना प्रोग्रॅम शब्दांचे तुकडेही खातो, आणि उरलेल्या तुकड्यांतून नवेच शब्द ऐकू येतात. मूळ फाइल कधीही बदलू नये. साफ केलेल्या प्रतीत जे ऐकू आलं, ते मूळ प्रतीतही निदान पुसट तरी ऐकू यायला हवं.

## हा आवाज याच चित्राचा आहे का?

ठिकाण शोधण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो. शांत संध्याकाळच्या चित्रावर भोंग्याचा आवाज चढवणं दोन मिनिटांचं काम आहे.

याची एक खूण फोनच्या स्वभावात आहे. रेकॉर्डिंग करताना बहुतेक फोन आवाजाची पातळी स्वतःच सांभाळतात. मोठा आवाज आला की फोन सगळाच आवाज दाबतो आणि तो थांबला की पुन्हा वाढवतो. त्यामुळे खऱ्या भोंग्याच्या वेळी बेडकांचा पट्टा फिका पडतो आणि भोंगा थांबल्यावर एक-दोन सेकंदांत पुन्हा उजळतो. नंतर चढवलेल्या भोंग्याखाली बेडूक पहिल्याइतक्याच जोरात ओरडत राहतात. आपल्या क्लिपमध्ये बेडूक दबतात आणि परत येतात, म्हणजे भोंगा आणि बेडूक एकाच वेळी एकाच फोनने टिपलेत असं धरायला जागा आहे. कसबी माणूस हा परिणामही नकली करू शकतो, पण घाईत अफवा बनवणारा सहसा तेवढे कष्ट घेत नाही.

चित्राशी मेळ घालून पाहणं ही दुसरी तपासणी. भोंगा सुरू होताना कॅमेरा दचकला का, कुत्र्याने कान टवकारले का, कोणी मान वळवली का, हे पाहावं. आपल्या क्लिपमध्ये माणसं दिसतच नाहीत, त्यामुळे इथे या तपासणीचा उपयोग होत नाही.

## टीव्हीवरचं गाणं काय सांगतं?

पहिल्या आठ सेकंदांतलं गाणं शॅझमसारखं अ‍ॅप ओळखू शकतं. असं अ‍ॅप चाल ओळखत नाही. ते त्या विशिष्ट रेकॉर्डिंगच्या नकाशातले सर्वांत उजळ ठिपके आणि त्यांच्यातलं अंतर घेऊन साठ्यात तीच मांडणी शोधतं. म्हणून गोंगाटातही टीव्हीवरचं गाणं सापडतं. तेच गाणं वरातीत बँडवाले वाजवत असतील तर मात्र बहुधा सापडत नाही, कारण ते रेकॉर्डिंग वेगळं असतं. या फरकाचा उपयोग उलट्या बाजूनेही होतो. अ‍ॅपने गाणं पटकन ओळखलं, तर तिथे कोणी गात-वाजवत नव्हतं, मूळ रेकॉर्डिंगच चालू होतं.

गाण्यावरून ठिकाण क्वचितच कळतं, पण तारखेची एक बाजू नक्की होते. "झिंगाट" हे "सैराट"मधलं गाणं २०१६ चं आहे. २००५ च्या पुराची म्हणून आलेल्या क्लिपमध्ये ते मागे वाजत असेल, तर एक तर क्लिप २००५ ची नाही किंवा गाणं नंतर चढवलेलं आहे. दुसरी बाजू मात्र मोकळीच राहते, कारण २०१६ चं गाणं आजही वाजतं. गाणं "याच्या आधीची नाही" एवढंच सांगतं, "याच्या नंतरची नाही" असं कधीच सांगत नाही.

मालिकेचं शीर्षकगीत असेल तर आणखी थोडं कळतं. वाहिनीवर मालिकेची वेळ ठरलेली असते, त्यामुळे संध्याकाळचे किती वाजले असावेत याचा अंदाज बांधता येतो. पुनःप्रक्षेपण आणि मोबाइलवर पाहणं यामुळे हा अंदाज कच्चाच राहतो.

आपल्या क्लिपमध्ये गाण्यापेक्षा त्याचं थांबणं महत्त्वाचं आहे. भोंग्याआधी टीव्हीचा आवाज आहे. भोंगा थांबल्यावर बेडूक परत येतात, अजान ऐकू येते, पण टीव्ही ऐकू येत नाही. भोंगा वाजत असताना कोणीतरी तो बंद केला आहे.

## भोंग्याची जात ओळखा

आता मुख्य आवाजाकडे येऊ. भोंगा एकाच प्रकारचा नसतो. रुग्णवाहिकेचा भोंगा हलता असतो. ती जवळ येताना सूर चढा ऐकू येतो आणि पुढे गेल्यावर उतरतो. शिवाय तिचा सूर ठरावीक लयीत खालीवर होत राहतो. मोटारीवर चालणाऱ्या, एका जागी बसवलेल्या भोंग्याचा सूर मोटार वेग घेईल तसा चढतो, मग स्थिर होतो, आणि बटण बंद केल्यावर मोटार मंदावेल तसा हळूहळू उतरतो. आपल्या क्लिपमधली रेषा अशीच आहे. म्हणजे हा एका जागी बसवलेला, मोटारीचा भोंगा आहे. असे भोंगे धरणांवर असतात, कारखान्यांवर असतात आणि गावांतही असतात.

साखर कारखान्याची शक्यता ऋतूवरून कमी होते. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. बेडकांनी भरलेल्या संध्याकाळी कारखाना गाळपात नसतो. देखभालीच्या काळातही भोंगा वाजू शकतो, त्यामुळे ही शक्यता पूर्ण पुसता येत नाही, फक्त मागे पडते.

उरतात धरण आणि गाव. या दोघांत फरक करायला प्रतिध्वनीची मदत होते. कोयना धरण सह्याद्रीच्या डोंगरांत, दरीत आहे. पावसाळी हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समोरचा डोंगर ५०० मीटरवर असेल तर आवाज तिथे जाऊन परत येईपर्यंत हजार मीटर कापतो, म्हणजे त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. अशा जागी स्पेक्ट्रोग्राममध्ये भोंग्याच्या चढत्या रेषेमागे तिचीच फिकट प्रत काही अंतर ठेवून चढताना दिसते. उतरताना नुसत्या कानाला हे कळत नाही, कारण मोटारीचा मंदावणारा सूर आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. नकाशात मात्र दोन समांतर रेषा वेगळ्या दिसू शकतात.

आपल्या क्लिपमध्ये एकच रेषा आहे. हा पठारी, मोकळ्या जागेकडे जाणारा इशारा आहे, पण तो एकट्याने निकाल देऊ शकत नाही. जोराचा पाऊस, झाडी किंवा भोंग्याचं तोंड दुसरीकडे असणं यांमुळेही प्रतिध्वनी हरवतो.

आणखी एक गोष्ट ऐकू येत नाही. दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्याची घरघर सगळ्या सुरांवर पसरलेली आणि सलग असते. ती जवळ असेल तर नकाशात बेडकांचे ठिपके वेगळे दिसणं अवघड होतं. इथे ते स्पष्ट दिसतात. यावरून क्लिप उघड्या दरवाज्यांच्या शेजारी घेतलेली नाही एवढं म्हणता येतं. दरवाजे उघडलेले नव्हते असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

## संध्याकाळी सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. मुलांचा अभ्यास आणि घरातल्या गप्पा मोबाइल-टीव्हीत हरवल्या म्हणून या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. दीड तासाने, साडेआठ वाजता, ही वेळ संपल्याची खूण म्हणून तो पुन्हा वाजतो. या उपक्रमाच्या बातम्या देशभर झाल्या आणि पुढे इतर गावांनीही तो उचलला.

आता आपल्या क्लिपमधले तुकडे वेगळ्या रीतीने जुळू लागतात. एका जागचा भोंगा आहे, संध्याकाळ आहे, मोकळी जागा आहे आणि भोंग्यासोबत टीव्ही बंद झाला आहे. मजकूर न वाचलेल्या दोघांनी त्या बाईचं बोलणं पुन्हा ऐकलं आणि दोघांच्याही कागदावर "सात" आणि "बंद" हे शब्द आले, तर शक्यता आणखी वाढते. पुराच्या इशाऱ्यावर टीव्ही बंद करून कोणी शांत बसत नाही. तिथे हाका, धावपळ आणि गाड्यांचे आवाज ऐकू यायला हवेत.

बोलीवरून मात्र पाटण की कडेगाव हे ठरवू नये. "बंद करा की" यातला "की" साताऱ्यात, सांगलीत आणि कोल्हापुरातही तसाच ऐकू येतो. एका वाक्यावरून तालुका ओळखता येतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. कानडीचंही तसंच आहे. सांगली जिल्ह्यातल्याच जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत कानडी बोलली जाते. त्यामुळे क्लिपमध्ये कानडी ऐकू आली म्हणजे ती कर्नाटकातली, हा निष्कर्ष या भागात चुकतो.

## घड्याळाचा आवाज आणि सूर्याचा आवाज

गावाचा भोंगा घड्याळावर चालतो आणि वर्षभर सातलाच वाजतो. मगरिबची अजान सूर्यावर चालते. ती सूर्यास्ताला किंवा त्यानंतर काही मिनिटांत होते, त्यामुळे तिची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. हे दोन आवाज एकाच क्लिपमध्ये असले की त्यांच्यातलं अंतर दिनदर्शिकेचं काम करतं.

सांगलीच्या आसपास जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य साधारण ७ वाजून ७-८ मिनिटांनी मावळतो. ऑगस्टच्या मध्याला तो सातच्या दोन-तीन मिनिटं आधी मावळतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सहाच्या सुमारास. म्हणजे जुलैअखेर अजान भोंग्यानंतर सात-आठ मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा येईल, तर डिसेंबरमध्ये ती भोंग्याच्या तासभर आधीच होऊन जाईल. आपल्या क्लिपमध्ये भोंगा थांबल्यावर दोन सेकंदांतच अजान सुरू होते. भोंगा सातचा असेल तर ही ऑगस्टच्या मध्याची संध्याकाळ आहे.

इथे एक अडचण येते. सूर्यास्ताची तीच वेळ मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपासही येते, कारण वर्षात सूर्य प्रत्येक वेळेवरून दोनदा जातो. यातून बेडूक वाट दाखवतात. असा भरगच्च ओरडा पाणी साचल्यावर ऐकू येतो, त्यामुळे ऑगस्टचं पारडं जड होतं. मेमध्ये वळवाचा जोरदार पाऊस झाला असेल तर बेडूक तेव्हाही ओरडतात. पावश्यासारखा पक्षी ऐकू आला असता तर आणखी आधार मिळाला असता, कारण तो पावसाच्या आगेमागे जास्त ओरडतो. पण पक्षी आणि बेडूक ऋतू सांगतात, गाव सांगत नाहीत.

या हिशेबाचा अर्थ नीट लावायला हवा. भोंगा सातचा आहे असं धरलं तर क्लिप जुलैअखेरची नाही, म्हणजे "आत्ताचा व्हिडिओ" हे चूक ठरतं. भोंगा सातचा नसेल, तर अजानेवरून फक्त सूर्यास्ताची वेळ कळते आणि तारीख मोकळीच राहते. एका गृहीतकावर उभा असलेला निष्कर्ष त्या गृहीतकासकटच सांगायचा असतो.

## इतर खुणा आणि त्यांची मर्यादा

अशा ठरलेल्या वेळी वाजणाऱ्या आवाजांत सांगली जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण पलूस तालुक्यातल्या भिलवडीचं आहे. तिथे रोज सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून राष्ट्रगीत लावलं जातं. बाजारपेठेच्या गोंगाटात राष्ट्रगीत सुरू झालं आणि वर्दळ थांबली, तर भिलवडी ही एक शक्यता होते. एकमेव मात्र नाही. तेलंगणातल्या जम्मीकुंटा इथेही सकाळी रस्त्यावर राष्ट्रगीत वाजतं, शाळांमध्ये रोज होतं आणि १५ ऑगस्टला सगळीकडेच होतं. मुलांचे आवाज आहेत की रेकॉर्डिंग, सावल्या ९ च्या उन्हाच्या आहेत का, दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, हे पाहून एकेक शक्यता खोडावी लागते.

विजेच्या गुणगुणीबद्दलही अनेकदा विचारलं जातं. ट्रान्सफॉर्मर, पंखे, फ्रिज यांची बारीक घूं भारतात ५० हर्ट्‌झच्या पटीत असते, अमेरिकेत ६० हर्ट्‌झच्या पटीत. त्यामुळे परदेशातली क्लिप भारतातली म्हणून खपवली असेल तर ही घूं उपयोगी पडते. साताऱ्याची क्लिप सांगलीपासून वेगळी करायला ती निरुपयोगी आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून सगळ्या देशाचं वीजजाळं एकाच लयीत चालतं. शिवाय पुराच्या भागात वीज आधीच बंद केलेली असते, आणि मग ही घूं मुळातच नसते.

फाइलची अवस्थाही लक्षात घ्यावी. एका ठिकाणाहून उतरवून दुसरीकडे चढवलेल्या क्लिपमध्ये दर वेळी आवाज दाबला जातो. त्यात बारीक, उंच सूर आणि फिकट प्रतिध्वनी आधी नाहीसे होतात. "प्रतिध्वनी दिसत नाही" आणि "प्रतिध्वनी नव्हता" यांत म्हणूनच फरक आहे. शक्य असेल तर क्लिप पाठवणाऱ्याकडून त्याला आलेली मूळ फाइल मागावी.

## निकाल कसा लिहायचा

आवाजाच्या तपासणीचा निकाल तीन भागांत लिहिणं सोपं जातं. आपल्या क्लिपपुरता तो असा होईल.

पक्कं : भोंगा एका जागी बसवलेला, मोटारीचा आहे. वेळ सूर्यास्ताची आहे. फोन दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्याच्या जवळ नव्हता. भोंगा वाजत असताना टीव्ही बंद झाला.

संभवनीय : हा मोहित्यांचे वडगाव किंवा त्याच्यासारखा उपक्रम चालवणाऱ्या गावाचा सातचा भोंगा आहे. तसं असेल तर क्लिप ऑगस्टच्या मध्याची आहे, आणि ती पहिल्यांदा ऑगस्ट २०२२ मध्येच घेता आली असती.

कळत नाही : नेमकं गाव, नेमकं वर्ष आणि मजकूर कोणी जोडला.

संभवनीय ते पक्कं करायला आवाजाबाहेर जावं लागतं. त्या गावातल्या कोणाला तरी मूळ क्लिप ऐकवून भोंगा त्यांचाच आहे का हे विचारावं. तिथल्या भोंग्याचं नवं रेकॉर्डिंग मिळालं तर दोन्ही नकाशे शेजारी ठेवून स्थिर सुराची उंची आणि चढायला लागणारा वेळ जुळतो का ते पाहावं. छपराची कड आणि ती दोन झाडं त्या वेळी उपयोगी पडतात. कुठे शोधायचं हे आवाजाने सांगितलं की चित्रातली लहानशी खूणही पुरते.

आणि कराडच्या त्या कुटुंबाने काय करायचं? या सगळ्या तपासणीला तास-दोन तास लागतात, आणि तिच्यावर घर सोडायचं की नाही हे ठरवायचं नसतं. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं जात आहे हे धरण व्यवस्थापन आणि जिल्हा प्रशासन जाहीर करतं. आधी तिथे किंवा तहसील कार्यालयात फोन करायचा आणि नदीची पातळी पाहायची. या क्लिपमधला भोंगा कोयनेचा नाही असं निघालं, तरी त्या संध्याकाळी कोयनेतून पाणी सोडलं जात नव्हतं असं त्यातून सिद्ध होत नाही.